एक ओळ खाली

शैलजाताईंना ही नोकरी मिळाली तेव्हा त्यांनी बावन्नावं पार केलं होतं. त्याआधी त्या जुनी इंदूरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत्या. नळीवरचं लेबल आणि चिठ्ठीवरचं नाव जुळतंय का, हे बघण्यात त्यांची निम्मी हयात गेली. लॅब बंद झाली. नवरा, वासुदेवराव, श्रीरंग मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडायला होते. मिल तर त्याआधीच बंद पडली होती. तेव्हापासून ते सराफ्यातल्या एका दुकानात दुपारपर्यंत बसत आणि मग घरी येऊन रेडिओ लावत. मिलबद्दल ते फारसं बोलत नसत. कोणी विषय काढलाच तर म्हणत, "चालू होती तोवर शिव्या दिल्या, आता काय बोलायचं."

पलासियाला एका स्टेशनरी दुकानाच्या वर अनीशचं ऑफिस होतं. अनीश मूळचा पुण्याचा, तिशीतला मुलगा, इंदूरच्या कॉलेजात शिकवायला म्हणून आला आणि मग नोकरी सोडून कॉम्प्युटरच्या धंद्यात पडला. ज्या वर्षांत शहरात रोज नवीन काचेची दुकानं उघडत होती आणि मिलची एकेक चिमणी थंड पडत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. अनीशला एक काम मिळालं होतं आणि ते श्रीरंग मिलचंच होतं.

मिलच्या दवाखान्यात पिंजाई खात्यातल्या कामगारांची दर सोमवारी श्वासाची तपासणी व्हायची. कापसाची धूळ छातीत बसते आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी दम सगळ्यात जास्त लागतो, म्हणून सोमवार. पाळीच्या आधी एकदा नळीत जोरात फुंकायचं, पाळी संपल्यावर पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली तो आकडा डॉक्टर लिहायचा. पाळीनंतर आकडा बराच खाली आला, तर धुळीनं छाती आवळते आहे असा संशय धरायचा. अनेक वर्षांची अशी जाड रजिस्टरं दवाखान्याच्या कपाटात पडून होती. एका पानावर वीसेक ओळी, एका ओळीत एक माणूस: तिकीट नंबर, नाव, खातं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा.

कामगारांनी न्यायालयात दाद मागितली होती आणि न्यायालयाच्या सांगण्यावरून डॉक्टरांची एक समिती नेमली गेली होती. कोणाची छाती मिलमुळे खराब झाली हे समितीनं ठरवायचं होतं. सगळ्यांना तपासणं शक्य नव्हतं. म्हणून आधी रजिस्टरांतले आकडे कॉम्प्युटरवर घ्यायचे, ज्यांचे आकडे घसरलेले दिसतील त्यांनाच शिबिरात बोलवायचं, असं ठरलं.

समितीची एक अट होती. तयार होणाऱ्या टेबलातला, म्हणजे तक्त्यातला, प्रत्येक आकडा कुठल्या पानावरून, पानाच्या कुठल्या जागेवरून आला, ते दाखवता आलं पाहिजे. अनीशनं त्यासाठी छान सोय केली होती. पानं स्कॅन करायची. टाइप करणारी मुलगी स्क्रीनवर पानाचं चित्र बघायची, माउसनं आकड्याभोवती चौकट ओढायची आणि मग आकडा टाइप करायची. कॉम्प्युटर आकड्याबरोबर चित्राचं नाव आणि चौकटीची जागा साठवायचा: डाव्या कडेपासून किती, वरच्या कडेपासून किती, लांबी किती, उंची किती. पुढे कधीही, कोणीही त्या आकड्यावर क्लिक केलं की मूळ पान उघडायचं आणि आकड्याभोवती लाल चौकट दिसायची.

शैलजाताई तपासणीस होत्या. त्यांच्या स्क्रीनवर डावीकडे टाइप केलेला आकडा यायचा आणि उजवीकडे चौकटीतला तेवढाच तुकडा, कापून मोठा केलेला. जुळलं तर एक बटण, नाही जुळलं तर तुकड्यात दिसतो तो आकडा टाकायचा आणि दुसरं बटण. पूर्ण पान उघडायचीही सोय होती, पण ते उघडायला वेळ लागायचा आणि रोजची वीज जाण्याची वेळ सांभाळून काम उरकायचं असायचं. पहिल्या फेरीत त्यांनी सगळी नावं आणि तिकीट नंबर तपासले. काम चोख होतं. चुका अगदी थोड्या निघाल्या.

सगळ्यात कमी चुका नंदिनीच्या होत्या. नंदिनी महूची. आजोबा पलटणीत होते, वडील कँटोनमेंटमध्ये कारकून. ती सकाळच्या गाडीनं इंदूरला यायची, केस घट्ट बांधून बसायची आणि जेवणापर्यंत मान वर करायची नाही. सगळ्यात जाड बांधणीची, उघडायला अवघड रजिस्टरं अनीशनं तिच्याकडेच दिली होती. शैलजाताई डबा उघडताना तिला हाक मारायच्या आणि ती लोणच्याची बरणी घेऊन यायची.

मग दुसरी फेरी सुरू झाली, आकड्यांची. आणि पहिल्याच सोमवारपासून चुका वाढल्या.

सुरुवातीला शैलजाताईंना वाटलं, आपलीच नजर थकली आहे. डावीकडे २.१, उजवीकडच्या तुकड्यात स्पष्ट २.८. डावीकडे १.९, तुकड्यात २.४. काही तुकड्यांत तर आकडा अर्धा कापलेला होता, वरच्या ओळीचे पाय आणि खालच्या ओळीची डोकी. काही तुकडे कोरेच होते, एकात डॉक्टरच्या सहीची शेपटी. त्यांनी अनीशला बोलावून दाखवलं. त्यानं उभ्या उभ्या बघितलं.

"चौकटी नीट ओढलेल्या नाहीत, काकू. घाई करते ती. तुम्ही चित्रात दिसेल ते टाका. शेवटी चित्र खरं."

हे शैलजाताईंना पटलं. लॅबमध्येही त्या हेच शिकल्या होत्या, चिठ्ठीपेक्षा नळीवर विश्वास ठेवायचा. त्यांनी दिसेल ते टाकायला सुरुवात केली. कोऱ्या तुकड्यांपुढे 'वाचता येत नाही' लिहिलं. जवळजवळ सगळ्या दुरुस्त्या नंदिनीच्या रजिस्टरांतल्या होत्या. आठवडा संपला तेव्हा कॉम्प्युटरनं आपसूक काढलेल्या तक्त्यात नंदिनीच्या नावापुढचा चुकांचा स्तंभ बाकी सगळ्यांच्या वर गेला होता.

जेवणाच्या सुट्टीत शैलजाताईंनी तिला बाजूला घेतलं. घरी काही अडचण आहे का, लक्ष लागत नाही का, असं विचारलं. नंदिनीचा चेहरा उतरला.

"काकू, मी जो दिखला तोच टाकला. पक्का. तुम्ही एकदा पूरा पेज खोलून बघा ना."

"तुकडा समोर असताना पान कशाला उघडू? तुकडा पानातूनच येतो ना?"

नंदिनी बरणी उचलून जागेवर गेली. दुसऱ्या आठवड्यातही तेच झालं. तिसऱ्या सोमवारी अनीशनं तिला केबिनमध्ये बोलावलं, आणि ती बाहेर आली ती सरळ खुर्चीच्या पाठीला लावलेली ओढणी उचलून जिना उतरून गेली. शैलजाताईंकडे तिनं बघितलं नाही. त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही. पण मनात एक समजूतही होती की आकडे माणसांच्या दुखण्याचे आहेत, इथे हयगय चालणार नाही. कुठलाही तपासणीस हेच करेल.

टेबल पूर्ण झालं. शेवटच्या पानावर तपासणीस म्हणून शैलजाताईंनी सही केली. सीडी समितीकडे गेली, समितीनं नावं निवडली आणि यादी मिलच्या बंद फाटकावर चिकटवली.

शिबिर मिलच्या मागच्या शाळेत भरलं होतं. ते सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, समितीतल्या डॉक्टर इरावती यांचा ऑफिसात फोन आला. ज्यांनी तपासणी केली त्या बाईंना घेऊन या, असं त्यांनी अनीशला सांगितलं. का ते सांगितलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात बाकांवर म्हातारे बसले होते, काही जण भिंतीला टेकून उभे. आत एका वर्गात डॉक्टरांचं टेबल, कॉम्प्युटर आणि समोर स्टुलावर एक हडकुळा माणूस होता. त्याचं नाव मारुती. वय वासुदेवरावांएवढंच असावं, पण खांदे कानापर्यंत चढलेले होते आणि तो दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास घेत होता. त्याचं नाव यादीत नव्हतं. शेजाऱ्याला सोबत म्हणून तो काल आला होता आणि शेजारी निरोगी दिसत असताना त्याला बोलावलं, मला का नाही, एवढंच विचारायला आत शिरला होता.

"याचा शेजारी शाम," डॉक्टर म्हणाल्या. "शामला मी काल तपासलं. त्याची छाती ठणठणीत आहे. पण तुमच्या टेबलात त्याचा आकडा पाळीनंतर खूप घसरलेला दिसतो. आणि या मारुतीचा आकडा तुमच्याकडे दोन्ही वेळा उत्तम. म्हणून मी मारुतीच्या आकड्यावर क्लिक केलं. तुम्हीच बघा."

पूर्ण पान उघडलं. निळ्या शाईतली अक्षरं, बारीक छापील रेघा. लाल चौकट एका आकड्याभोवती होती. शैलजाताईंनी चौकटीवरून बोट डावीकडे नेलं, ओळीच्या सुरुवातीपर्यंत. तिथं नाव होतं शाम. मारुती त्याच्या वरच्या ओळीत होता, आणि मारुतीच्या ओळीतला आकडा चौकटीबाहेर होता. आधीचा २.३, नंतरचा १.७.

खोलीत मारुतीच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

शैलजाताईंनी विचारलं, "नावावर क्लिक करता येईल?"

डॉक्टरांनी मारुतीच्या नावावर क्लिक केलं. लाल चौकट पुन्हा शामच्या नावाभोवती पडली.

हे शैलजाताईंना आकड्यापेक्षा जास्त लागलं. नावं त्यांनीच तपासली होती, पहिल्या फेरीत, एकेक करून. तेव्हा मारुतीच्या चौकटीत मारुती असं नाव नसतं तर त्यांनी ते सोडलं नसतं. म्हणजे तेव्हा चौकट बरोबर जागी होती. त्यानंतर चौकटीला कोणी हात लावला नव्हता. मग हललं ते पान.

बाहेर आल्यावर त्या व्हरांड्याच्या टोकाला थांबल्या. अनीश मागून आला.

"दोन फेऱ्यांच्या मध्ये चित्रांचं काय केलंस?"

तो म्हणाला, "सरळ केली. तिरकी स्कॅन झाली होती ना, आणि भोवती काळी कड होती. समितीनंच म्हटलं होतं की दिसायला बरी दिसत नाहीत, सीडीतही मावत नव्हती. मी एका प्रोग्रॅममधून सगळी काढली. तिरकेपण काढलं, काळी कड कापली."

"आणि जुनी?"

"त्याच नावानं वर नवी ठेवली. जागा नव्हती मशीनमध्ये."

वरची कड कापली की पानावरचं सगळं वर सरकतं. चौकट मात्र वरून मोजलेल्या जुन्याच अंतरावर पडते, म्हणजे खालच्या ओळीवर. पातळ रजिस्टरं काचेवर सपाट बसली होती, त्यांना कड नव्हतीच, त्यांचं काही बिघडलं नाही. जाड बांधणीची रजिस्टरं पुरती उघडत नव्हती, त्यांच्या वर रुंद काळी पट्टी आली होती. ती रजिस्टरं नंदिनीची होती. काही पानांवर पट्टी ओळीपेक्षा कमी कापली गेली, तिथं अर्धे आकडे दिसले. जिथं नेमकी एका ओळीएवढी कापली गेली, तिथं तुकड्यात पूर्ण, स्वच्छ, वाचता येणारा आकडा आला. दुसऱ्या माणसाचा.

अनीश भिंतीला टेकला. "काकू, मी मुद्दाम नाही केलं."

ते त्यांना माहीत होतं. त्या नंदिनीच्या ओढणीचा विचार करत होत्या.

डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितला होता. दुसऱ्या दिवशी अनीशनं तो तयार ठेवला होता. काही नोंदींत टाइप करताना चुका झाल्या, संबंधित मुलीला कामावरून कमी केलेलं आहे, आढळलेल्या नोंदी दुरुस्त करून देत आहोत, असा मजकूर होता. खाली दोन सह्यांची जागा होती, एक त्याची आणि एक तपासणीसाची.

"हे खोटं आहे," शैलजाताई म्हणाल्या.

अनीश समजावत राहिला. समितीला दोनच नावं सापडली आहेत, आपण शांतपणे सगळी रजिस्टरं पुन्हा तपासू, नवी सीडी देऊ, कोणाचं नुकसान होणार नाही. खरं सांगितलं तर काम काढून घेतील, ऑफिसातल्या बाकीच्या मुलींचं काय, असंही तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग त्यानं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"आणि बघा, बदल कोणी केला ते प्रोग्रॅम लिहून ठेवतो. जुना आकडा, नवा आकडा, नाव. सगळीकडे नाव तुमचं आहे. चौकशी झाली तर पहिला त्रास तुम्हालाच होईल."

"म्हणूनच मी यावर सही करत नाही," त्या म्हणाल्या. "यादी फाटकावर लागली आहे, अनीश. शामला बोलावलं आणि मारुतीला नाही. असे किती आहेत ते तुला माहीत नाही, मलाही नाही. आपण चुपचाप करत बसू तोवर शिबिर संपेल."

त्या घरी गेल्या तेव्हा वासुदेवराव रेडिओ ऐकत होते. शैलजाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. वासुदेवरावांनी रेडिओ बंद केला. मारुती त्यांना आठवत होता. फाटकापासून खात्यापर्यंत येताना त्याला मध्ये थांबावं लागायचं, आणि टाइम ऑफिसातले लोक त्याची उशिराची खूण मांडायचे. "मीही मांडली असेल," ते म्हणाले. शैलजाताईंनी वही घेतली आणि खुलासा स्वतःच्या हातानं लिहून काढला. चित्रं केव्हा बदलली, चौकटी का चुकल्या, आकडे कोणी बदलले. शेवटी लिहिलं की नंदिनीच्या कामात मुळात दोष असल्याचं दिसत नाही, आणि तपासणीस म्हणून पूर्ण पान उघडून बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

सकाळी त्यांनी तो अनीशपुढे ठेवला. त्यानं दोनदा वाचला. केबिनच्या काचेतून बाहेर बसलेल्या मुलींकडे बघितलं. मग आपला कागद फाडला आणि शैलजाताईंच्या कागदावर सही केली.

डॉक्टर इरावतींनी शिबिर थांबवलं. जाड रजिस्टरांतून निघालेली सगळी नावं बाजूला काढली आणि पुन्हा तपासून द्या म्हणून सांगितलं. मूळ रजिस्टरं मिलच्या सामानाबरोबर न्यायालयाच्या कुलपात गेली होती, ती बाहेर काढायला महिने लागले असते. जुनी स्कॅन पुसली गेली होती. अनीशला वाटलं, सगळं संपलं.

वाट त्या चौकटींतूनच निघाली. एका पानावरच्या सगळ्या चौकटी एकमेकींपासून जिथल्या तिथेच होत्या. त्या सगळ्या मिळून सरकल्या होत्या. पानाला जेवढं कापलं तेवढ्या त्या वर नेल्या की झालं. पण किती कापलं ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि रेघा सगळ्या सारख्याच असल्यामुळे नुसत्या रेघांना जुळवून ओळ चुकण्याचीच भीती होती. एक ओळ वर नेली तरी जुळतं, दोन नेल्या तरी जुळतं. तिथं नावं कामाला आली. नावं चित्रं बदलण्याच्या आधी तपासलेली होती. मारुतीची चौकट मारुती या नावावर येईल, पानावरचं प्रत्येक नाव आपापल्या चौकटीत बसेल, तोवर सगळा संच सरकवायचा. मग आकड्यांच्या चौकटी आपोआप बरोबर ओळीवर येणार.

अनीशनं तसा छोटा प्रोग्रॅम लिहिला. या वेळी त्यानं जुन्या जागा पुसल्या नाहीत. प्रत्येक पान किती सरकवलं, किती फिरवलं, ते वेगळं लिहून ठेवलं आणि चित्रांचा संच कोणी बदलू शकणार नाही असा कुलूपबंद केला. शैलजाताई पानामागून पान बघत गेल्या, आणि आता पूर्ण पानच बघत गेल्या. चौकटी एका वेळी वर सरकायच्या आणि नावांवर येऊन बसायच्या. मग डावीकडे दोन आकडे यायचे, नंदिनीनं टाइप केलेला आणि शैलजाताईंनी बदललेला.

२.१, नंदिनी. २.८, शैलजा. चौकटीत २.१.

१.९, नंदिनी. २.४, शैलजा. चौकटीत १.९.

जिथं त्यांनी 'वाचता येत नाही' लिहिलं होतं तिथं पानाच्या शेवटच्या ओळीतला आकडा होता, अगदी नीट अक्षरातला. नंदिनीनं तोच टाइप केला होता. वीज गेली की त्या स्क्रीन काळा होईपर्यंत बघत राहायच्या आणि वीज आली की पुन्हा तिथूनच सुरू करायच्या. नंदिनीच्या खऱ्या चुका तेवढ्या रजिस्टरांत बोटांवर मोजता आल्या.

ते काम अर्ध्यावर असतानाच शैलजाताई महूला गेल्या. नंदिनीचं घर मुख्य बाजाराच्या मागं होतं. दार तिच्या आईनं, गयाबाईंनी उघडलं. नाव सांगताच त्यांनी शैलजाताईंना आत बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग दाराशीच उभ्या राहिल्या. नंदिनी बाजारातल्या एका एसटीडी फोनच्या दुकानात बसत होती. निरोप गेल्यावर ती आली.

शैलजाताईंनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. चित्रं कापली, चौकटी खाली आल्या, मी दुसऱ्याचे आकडे तुझ्या आकड्यांवर टाकले. माफी मागितली. नंदिनी ऐकत होती. रागावली नाही, रडलीही नाही. तिनं एकच विचारलं, "वो जो मशीनमधून कागद निघाला होता, चुकांचा, त्याचं काय झालं?"

"तो रद्द केला आहे. समितीला तसं लिहून दिलंय. अनीशनं तुला परत बोलावलंय."

"मी नाही येणार, काकू."

गयाबाई मध्येच म्हणाल्या की पोरगी कित्येक दिवस बिस्तरातून उठली नव्हती. तिच्या काकांनी मोहल्ल्यात सांगितलं होतं की पुतणीनं कॉम्प्युटरवर मोठी नोकरी धरली, आणि नंतर लोक विचारायचे, क्यों छूट गई. नंदिनीनं आईला थांबवलं.

"मी तेव्हा बोलली होती ना, एकदा पेज खोला," ती म्हणाली. "तुम्ही मला ओळखत होत्या. रोज साथ बसून जेवत होतो. तरी तुकड्यावर भरोसा केला."

निघताना नंदिनी त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं विचारलं की रजिस्टरांतली सगळी पानं वापस बसली का. काही पानांवर नावंच फाटलेली होती, ती कशी बसवणार, असंही तिनं विचारलं. तिला ती पानं आठवत होती. शैलजाताईंनी तिच्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर लिहून घेतला आणि पुढच्या दोन दिवसांत अशा पानांबद्दल तिला एसटीडीच्या दुकानात फोन करून विचारलं. ती सांगायची, नीट, तपशिलानं, आणि मग फोन ठेवायची.

नवी यादी लागली. पहिल्या यादीत बोलावलेल्यांपैकी बरेच जण विनाकारण बोलावले गेले होते. ते घरी गेले, काही जण चिडले. वगळले गेलेले आता बोलावले गेले. मारुतीला डॉक्टरांनी दोनदा फुंकायला लावलं, एक्स-रे काढला आणि त्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलं की दुखणं धुळीचंच आहे. समितीचा निर्णय यायला अजून वेळ होता. मारुती कागद घेऊन व्हरांड्यात बसून राहिला. त्यानं शैलजाताईंना ओळखलंच नाही.

अनीशकडचं काम गेलं नाही. पण समितीनं दर महिन्याला आपला माणूस पाठवायला सुरुवात केली. तो कुठलाही आकडा निवडायचा, पान उघडायचा, चौकट बघायचा, चौकटीतून बोट डावीकडे नावापर्यंत न्यायचा. शैलजाताई त्याच्या शेजारी उभ्या राहायच्या. चौकट बरोबर पडायची. तरी प्रत्येक वेळी त्या स्वतःचं बोटही नावापर्यंत नेऊन बघायच्या.

नव्या यादीतले बहुतेक लोक आले. जे आले नाहीत त्यांची नावं डॉक्टर इरावतींनी शैलजाताईंना दिली, वासुदेवरावांना कोणाचा ठावठिकाणा माहीत असेल म्हणून. वासुदेवराव दोन दिवस दुकानात न जाता मिलच्या मागच्या गल्ल्यांतून फिरले. एकेकाचा पत्ता लागत गेला. एकाचा लागेना. पिंजाई खात्यातला दगडू नावाचा माणूस, नंतरचा आकडा सगळ्यात खाली. पहिली यादी लागली तेव्हा त्यानं फाटकावर येऊन ती वाचली होती, आपलं नाव नाही म्हणून सामान बांधून सुरतेला मुलाकडे निघून गेला होता. शेजारणीकडे सुरतेचा एक फोन नंबर होता.

शैलजाताईंनी ऑफिसातून फोन लावला. कारखान्यातला आवाज येत होता, यंत्रं चालू होती. कोणीतरी गुजरातीत बोललं, मग फोन दुसऱ्याला दिला. तो हिंदीत म्हणाला की मुलगा इथं होता, पण काम सोडून गेला, बाप बरोबर होता, कहाँ गये मालूम नहीं.

"कुछ पता चले तो बताएँगे?" शैलजाताईंनी विचारलं आणि ऑफिसचा नंबर दिला. तो नंबर त्यानं लिहून घेतला की नाही ते यंत्रांच्या आवाजात कळलं नाही.